वहीत लिहिलेला फीडबॅक कॉलवर का उतरत नाही

"नवीन सेल्स एक्झिक्युटिव्हला येऊन दोन महिने झाले. मी दर शुक्रवारी त्याचे कॉल ऐकतो, तासभर बसून सगळं समजावतो. तो वहीत लिहून घेतो, 'हो सर' म्हणतो, चुका मान्यही करतो. सोमवारी परत तेच. फीडबॅक कसा द्यावा म्हणजे खरंच फरक पडेल?"

आधी तो शुक्रवारचा तास बंद करा. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं बसा, तेही सकाळी, त्याचे कॉल सुरू होण्याच्या जरा आधी. कॉलवर माणूस सवयीने बोलतो आणि सवय वहीत उतरवून मोडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी सांगितलेल्या सात गोष्टींपैकी सोमवारी पहिला फोन उचलला गेला की एकही तोंडात येत नाही. त्यात त्या मुलाचा आळस नसतो. समोरचा "बोला" म्हणाला की त्याला जे वाक्य सर्वांत सोपं वाटतं तेच बाहेर पडतं. तुमचं काम एवढंच, की ते सोपं वाक्य बदलून द्यायचं. एका वेळी एकच.

हे मी शिकलो ते एका मुलीमुळे, म्हणून तिचीच गोष्ट सांगतो. आमची टीम पुण्यात बसून मेडिकल दुकानांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर फोनवर विकायची. नाशिक, नगर, सोलापूर, मधली तालुक्याची गावं. फोन करायची चांगली वेळ दुपारी दोन ते चार, कारण संध्याकाळी सहानंतर काउंटरवर गर्दी असते आणि दुकानदार धड बोलत नाही. ही मुलगी सांगलीची, बोलायला गोड, प्रॉडक्ट पाठ. कॉल लांब चालायचे, कोणी फोन आपटायचं नाही. पण महिना-दीड महिना झाला तरी डेमोची वेळ ठरत नव्हती. प्रत्येक कॉलचा शेवट एकच: "रेट व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, बघून कळवतो."

मीही तुमच्यासारखाच करत होतो. बावीस मुद्द्यांचा क्वालिटी फॉर्म भरायचो, नमस्कार नीट केला का, कंपनीचं नाव घेतलं का, असे सगळे रकाने. तिला शंभरातले ७१ मिळायचे, पुढच्या आठवड्यात ७४. मार्क वाढत होते आणि डेमो शून्य. तो फॉर्म वाईट नाही, पण तो तपासणीसाठी असतो. शिकवायला बसताना तो टेबलावर आणलात की समोरचा मार्कांची घासाघीस करायला लागतो आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

मग एक रविवार घालवून मी तिचे पाच कॉल सलग ऐकले. कॉल निवडताना एक पथ्य पाळलं, तुम्हीही पाळा. सर्वांत वाईट कॉल घेऊ नका, त्यात बहुतेकदा दुकानदारच वैतागलेला असतो. विक्री झालेला तर अजिबातच नको, तिथे ग्राहक आधीच तयार असतो. साडेपाच ते दहा मिनिटं चाललेले आणि "कळवतो"वर संपलेले कॉल काढा. त्यांत समोरच्याला थोडा रस होता आणि तो कुठेतरी गेला. पाचही कॉलमध्ये मी एकच शोधत होतो: तो रस नेमका कुठे गेला? चार कॉलमध्ये जागा एकच निघाली. एक तुकडा जसाच्या तसा देतो. त्यातला स्टॉकिस्ट म्हणजे दुकानाला औषधं पुरवणारा घाऊक व्यापारी.

ती: "सर, एक्स्पायरीच्या मालाचा त्रास होतो का तुम्हाला?"
दुकानदार: "एक्स्पायरी? ती बघतो की आम्ही."
ती: "बरोबर सर, पण हाताने बघताना राहून जातं ना, तर आमच्याकडे तीन महिने आधी अलर्ट येतो, बॅचप्रमाणे रिपोर्ट निघतो, स्टॉकिस्टला द्यायची रिटर्नची यादी पण तिथूनच निघते, आणि शेड्यूल एच-वनचं रजिस्टरसुद्धा…"
दुकानदार: "हं."
ती: "…आणि सर, मोबाइलवर पण दिसतं, तुम्ही दुकानात नसलात तरी."
दुकानदार: "रेट काय?"

"बघतो की आम्ही" या तीन शब्दांत सगळा कॉल होता. कोण बघतं, कधी बघतं, किती सुटतं, सुटलेल्याचं काय होतं, यातलं एकही तिने विचारलं नाही. उत्तर मिळताच ती माहितीपत्रक वाचायला लागली. दुकानदाराला ऐकायचा कंटाळा आला की तो रेट विचारतो. त्याला विकत घ्यायचं नसतं, फोन ठेवायचा असतो, आणि रेट विचारणं ही फोन ठेवायची सभ्य रीत आहे.

आता हे मी तिला थेट सांगितलं असतं तर ती "हो सर, मी जास्त बोलते" म्हणाली असती आणि लिहून घेतलं असतं. "कमी बोल", "ऐकायला शिक", "गरज ओळख" हे सल्ले खरे असतात, पण त्यांतलं एकही कॉलवर करता येत नाही. मी तिला त्या कॉलचं दीड मिनिट दिलं, २:१० ते ३:४०, आणि सांगितलं की हेडफोन लावून हे अक्षरशः कागदावर उतरव. दोघांचं बोलणं, "हं"सकट. तिला पंचवीस मिनिटं लागली. कंटाळवाणं काम आहे, पण हातानेच करायला लावा. टाइप झालेला मजकूर आयता मिळाला तर माणूस तो वरवर वाचतो. हाताने लिहिताना स्वतःच्या प्रत्येक वाक्यापाशी थांबावं लागतं.

कागद घेऊन ती आली तेव्हा मी काही बोललो नाही, फक्त दोघांचे शब्द मोजायला लावले. तिचे १५२, दुकानदाराचे १४. ती कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, याने मला काहीच सांगितलं नाही." मी विचारलं, "तू काय विचारलंस?" बराच वेळ गप्प. मग: "त्रास होतो का, एवढंच."

ही जी शांतता आहे ती तुम्हाला सोसवली पाहिजे. बहुतेक मॅनेजर इथे घसरतात. रिप, म्हणजे आपला सेल्सचा माणूस, विचार करत असताना चौथ्या सेकंदाला आपणच उत्तर सांगून मोकळे होतो, म्हणजे ती दुकानदाराशी जे करत होती तेच आपण तिच्याशी करतो. मी माझी स्वतःची फीडबॅकची बैठक एकदा रेकॉर्ड करून ऐकली होती. त्यातले माझे शब्द मोजले नाहीत, धीर झाला नाही.

मग पुढचा प्रश्न: "बघतो की आम्ही म्हणाल्यावर तू दुसरं काय म्हणू शकली असतीस?" तिने चार वाक्यं सुचवली. दोन परत माहितीच देत होती, एक फारच पुस्तकी होतं, "आपली सध्याची प्रक्रिया काय आहे" अशा थाटाचं. चौथं होतं: "कोण बघतं सर, तुम्ही स्वतः की दुकानातला मुलगा?" हे तिच्या तोंडात बसत होतं. माझ्या डोक्यात याहून घोटीव वाक्य होतं, पण ते मी गिळलं. तुमचं वाक्य त्याच्या तोंडात घातलंत तर तो दोन कॉल म्हणेल, तिसऱ्याला अडखळेल आणि सोडून देईल. शब्द त्याचेच हवेत, तुम्ही फक्त गाळणी लावायची.

तिथे आम्ही नियम ठरवला, आणि माझ्या मते सगळी गंमत या नियमाच्या घडणीत आहे. "दुकानदाराने काहीही उत्तर दिलं की तुझं पुढचं वाक्य प्रश्न असलं पाहिजे, आणि तो प्रश्न त्याच्याच उत्तरावर असला पाहिजे. एकदाच. मग हवं ते बोल." असा नियम ऐकून कोणीही तिसरा माणूस सांगू शकतो की झालं की नाही झालं. त्यात माझं मत लागत नाही, म्हणून वादही होत नाही. नियम तपासून बघायची सोपी युक्ती म्हणजे तो शेजारच्या टेबलावरच्या, या विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला द्या आणि रेकॉर्डिंगवर हो-नाही लिहायला सांगा. त्याला जमलं नाही तर तुमचा नियम अजून धूसर आहे.

लगेच सराव. पूर्ण कॉलचं नाटक करू नका, त्यात नमस्कार-चमत्कारात वेळ जातो आणि रिपला अभिनय केल्यासारखं वाटतं. मी दुकानदार झालो आणि फक्त ती एक जागा घेतली. मी म्हणायचो, "बघतो की आम्ही," आणि ती पुढचा प्रश्न विचारायची. मग मी उत्तर बदलायचो: "आमचं कमी असतं हो," "स्टॉकिस्ट घेतो परत," "आहे आमच्याकडे सॉफ्टवेअर." आठ-नऊ वेळा. पहिल्या चारांत ती हसत होती, पाचव्यापासून वाक्य आपोआप यायला लागलं. सहा मिनिटं लागली असतील. उठायच्या आत पुढचे तीन खरे कॉल तिने माझ्या शेजारी बसून केले. पहिल्या दोनांत जुनंच झालं, तिसऱ्यात एकदा जमलं. मी तीनही कॉलनंतर एवढंच विचारलं, "संधी किती आल्या, घेतल्या किती?" बाकी काही बोललो नाही. तिसऱ्या कॉलमध्ये तिने एक फीचर साफ चुकीचं सांगितलं होतं, तेही त्या दिवशी सोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी प्रॉडक्टवाल्या सहकाऱ्याकडून परस्पर दुरुस्त करून घेतलं. जीभ चावून बसावं लागतं, पण दोन गोष्टी एकदम सांगितल्या की पहिली वाहून जाते.

मोजताना कॉल मोजू नका, संधी मोजा. एका कॉलमध्ये दुकानदार तीनदा काही सांगतो, दुसऱ्यात एकदाही नाही. आम्ही एक कागद तिच्या मॉनिटरला चिकटवला. संधी आली की रेघ, प्रश्न विचारला की रेघेवर तिरकी रेघ. ती स्वतःच मारायची. मी रोज तिचे दोन कॉल ऐकून ताळा बघायचो, आणि कोणते ते मी निवडायचो. रिपला कॉल निवडू दिले तर तो चांगलेच आणून देतो, यात लबाडी नसते, माणूसच तसा असतो. मी ऐकलेल्या कॉलमध्ये पहिल्या आठवड्यात १९ संधींत ७. दुसऱ्या आठवड्यात मात्र गाडी अडकली, २२ संधींत ८.

इथे मला माझी चूक कळली. तुमच्याकडेही अशी एखादी असायची दाट शक्यता आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मी तिला विचारलं की जमत असूनही कधी जमत नाही, हे कधी होतं? ती कचरत म्हणाली, "सर, चारनंतर." चारनंतर का? कारण साडेपाचला टीमलीडर ग्रुपवर आकडे टाकायला सांगायचा: आज किती कॉल, किती कोटेशन पाठवली. कोटेशन कमी असलं की सगळ्यांसमोर नाव यायचं. मग चार वाजले की तिला दुकानदाराच्या "रेट पाठवा"ची वाटच बघायची असायची! प्रश्न विचारत बसलं तर कॉल लांबतो आणि कोटेशन हातून जातं. मी सकाळी एक शिकवत होतो आणि संध्याकाळचा तक्ता नेमक्या उलट्या गोष्टीला शाबासकी देत होता. अशा भांडणात नेहमी तक्ता जिंकतो. आणि तो तक्ता मीच वर्षभरापूर्वी सुरू केला होता.

टीमलीडरशी बोलून फक्त तिच्यापुरतं सहा आठवडे कोटेशनचा आकडा काढून टाकला आणि त्या जागी "मालकाशी बोलून डेमोची तारीख-वेळ ठरली" हा आकडा ठेवला. रोजचं ७० कॉलचं टार्गेट ५०वर आणलं. वरच्यांनी कुरकुर केली, ती मी झेलली. तुमचा रिप "हो सर" म्हणून परत तेच करत असेल तर त्याला समजलं नाही असं धरून चौथ्यांदा समजावण्याआधी हे बघा: तो जे करतोय त्याचा त्याला कुठे फायदा होतोय? कधी तो आकड्यात असतो, कधी नुसत्या सुटकेत. माहिती देत राहिलं की नकार ऐकावा लागत नाही, हाही फायदाच.

तिसऱ्या आठवड्यात २६ पैकी २१. त्यातला एक कॉल मी जपून ठेवला, नव्या लोकांना ऐकवायचो. दुकान तालुक्याच्या गावातलं.

दुकानदार: "ती बघतो की आम्ही."
ती: "कोण बघतं सर, तुम्ही स्वतः की दुकानातला मुलगा?"
दुकानदार: "पोरगा बघतो, महिनाअखेरी."
ती: "मग महिनाअखेरी निघालेलं सगळं स्टॉकिस्ट घेतो परत?"
(इथे तीन-चार सेकंद कोणी बोलत नाही. मागे कोणीतरी खोकल्याचं औषध मागतंय.)
दुकानदार: "कुठं घेतोय! मागच्या खेपेला साडेतीन हजाराचं पडून राहिलं. काय तर म्हणे उशिरा पाठवलं. आणि कट स्ट्रिप तर घेतच नाहीत."
ती: "कट स्ट्रिपचं आमच्याने पण काही होणार नाही सर. पण जे उशिरा पाठवल्यामुळे राहिलं, ते त्यातलं किती होतं?"
दुकानदार: "निम्म्याच्या वर असेल."

यानंतर तिने अलर्टचं सांगितलं, पहिल्यांदा योग्य जागी. त्याच अलर्टचं वाक्य ती दोन महिने सांगत होती, पण आता ते त्याच्या साडेतीन हजारांना जाऊन चिकटलं. डेमो दुसऱ्या दिवशी अडीच वाजता ठरला. कट स्ट्रिपबद्दल, म्हणजे गोळ्या कापून विकल्यावर उरलेल्या पट्ट्यांबद्दल, तिने जे सरळ सांगून टाकलं ते मी शिकवलेलं नव्हतं. समोरचा खरं बोलायला लागला की आपणही बोलतो, असं काहीतरी असावं.

दोन धोके मात्र सांगून ठेवतो. नवी सवय लागताना सुरुवातीला ती यांत्रिक होते. ही मुलगी काही दिवस प्रश्न विचारून उत्तर न ऐकताच पुढे जायची, मग दुकानदाराचा सूर "ही चौकशी कशाला" असा होतो. ओळखायची खूण म्हणजे दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातला एकही शब्द उचलत नाही. तेव्हा नियम बदलू नका. "त्याचा एक शब्द तुझ्या प्रश्नात आला पाहिजे" एवढी पुस्ती जोडा. दुसरं, आकडे आधी थोडे खाली जातात. पहिल्या दोन आठवड्यांत तिचे एकूण कॉल आणि कोटेशन दोन्ही घटले. हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवलं नाहीत तर प्रयोग दहाव्या दिवशी बंद पडतो.

पुढची गोष्ट कधी घ्यायची? सलग आठवडाभर दहापैकी आठ संधी घेतल्या जात असतील आणि चिकटवलेला कागद काढल्यावरही चार दिवस ते टिकलं, तर. तिच्या बाबतीत चौथ्या आठवड्याच्या शेवटी "रेट काय?"ला काय म्हणायचं ते घेतलं, आणि तो मुद्दा निम्म्या वेळात झाला, कारण पद्धत तिला माहीत झाली होती. तोवर तीच मला सकाळी कॉलची लिंक आणि वेळ पाठवायला लागली होती: "सर, ४:१२, इथे परत मीच बोलले."

स्तुतीबद्दल एक. "आवाज छान आहे, पण अमुक सुधार, बाकी एकूण चांगलं" असं दोन कौतुकांच्या मध्ये चूक घालून देऊ नका. हुशार मुलं दुसऱ्या वेळेपासून पहिलं कौतुक ऐकताच "पण"ची वाट बघतात. कौतुक करायचं तर मिनिट-सेकंदासकट करा आणि तिथेच थांबा: "३:०५ला तू चार सेकंद गप्प राहिलीस, म्हणून त्याने साडेतीन हजाराचं सांगितलं."

कॉल रेकॉर्ड होतोय हे ग्राहकाला सुरुवातीलाच कळलं पाहिजे, आणि एकाचा कॉल टीमपुढे ऐकवायचा असेल तर आधी त्या रिपला विचारा. न विचारता एकदा ऐकवलात की नंतर तुमच्यासमोर कोणी मोकळं बोलत नाही.

आणि तीन आठवडे प्रामाणिक सराव, संधींची मोजणी, उलटा तक्ता दुरुस्त करणं, हे सगळं करूनही आकडा हलला नाही, तर कॉल ऐकणं काही दिवस थांबवा. माझ्याकडे असा एक मुलगा होता. सरावात उत्तम, खऱ्या कॉलवर प्रश्नच सुचायचा नाही. शेवटी कळलं की त्याने मेडिकल दुकान आतून कधी बघितलंच नव्हतं. बॅच म्हणजे काय, स्टॉकिस्टचा माणूस कधी येतो, महिनाअखेरी खोकी कुठे रचतात, काही कल्पना नाही. ज्याला दुकान दिसत नाही त्याला दुकानदाराच्या उत्तरावर प्रश्न कुठून सुचणार? ओळखीच्या एका दुकानदाराला विनंती करून त्याला दोन दिवस काउंटरच्या आत उभं केलं, एक्स्पायरीचा माल वेगळा काढायला लावला. तिसऱ्या दिवशी मग परत हेडफोन आणि तेच दीड मिनिट.